हाकेचा शेवटचा स्वर

त्या मदरशात मी एकोणिसाव्या वर्षी दाखल झालो. इतर पोरं दहा-बारा वर्षांची. मला मिशा होत्या आणि उजव्या अंगठ्याचं टोक नव्हतं. केळीचा घड उतरवताना कोयता बसला होता. त्यामुळे पहिल्याच दिवशी माझं नाव 'केळेवाले' पडलं, ते शेवटपर्यंत राहिलं.

नाव खोटं नव्हतं. वडील एकलहऱ्याला वीजकेंद्रावर कोळसा उतरवायच्या कामावर होते. ते गेले तेव्हा मी मराठी शाळेत सातवीत होतो. त्यानंतर सहा वर्षं नाशिकरोड स्टेशनवर पाटी डोक्यावर घेऊन गाड्यांच्या खिडक्यांशी घासाघीस केली. गाडी सुटता सुटता सौदा कसा तोडायचा हे मला कुणी शिकवलं नाही. पण आयुष्यभर पाटी उचलायची नव्हती. कुणीतरी सांगितलं की मदरशाची सनद हातात असली की उर्दू शाळेत अरबी शिकवायची नोकरी लागते. फलाटावर मार खाऊन शिकलेला माणूस दुसरं काय ऐकणार? जुन्या नाशकात मशिदीमागच्या बोळात, दुकानांच्या डोक्यावर दोन खोल्या आणि एक लांबट हॉल, असा तो मदरसा होता. तिथे जेवण होतं, झोपायला चटई होती. आणीबाणी उठली त्याच्या पुढचं वर्ष असावं.

व्याकरण शिकवायला एक म्हातारे मौलाना होते. सगळे त्यांना हजरत म्हणायचे. बायको नाही, मूल नाही, हॉलला लागून असलेली कोठडी हेच त्यांचं घर. त्यांच्या तासाचा एक कायदा होता. तासाला फक्त अरबी बोलायचं आणि प्रत्येक शब्दाचा शेवटचा स्वर पूर्ण उच्चारायचा. बाजारातली अरबी शेवटचे स्वर खाऊन टाकते, पुस्तकात ते लिहिलेलेच नसतात. वाचणाऱ्याने अर्थ ओळखून ते स्वतः लावायचे. परीक्षाही तशीच. परीक्षक पुस्तक उघडतो, एका ओळीवर बोट ठेवतो. तुम्ही मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक स्वर का लावला ते सांगायचं.

पहिल्या वर्षी मी हाकेच्या धड्यावर नापास झालो. अरबीत हाक मारायची तर नामाच्या आधी 'या' लावतात. पुढच्या नामाचा शेवट कसा करायचा, तिथे माझी गाडी अडली. मी सगळीकडे 'उ' लावत सुटलो. 'अब्दुल्लाह'लाही 'या अब्दुल्लाहि' अशी हाक मारली. परीक्षकांनी पुस्तक मिटलं. हे दोन शब्द आहेत, अल्लाहचा अब्द म्हणजे दास, एक शब्द दुसऱ्याला बांधलेला. अशा बांधलेल्या नामाला हाकेत 'अ' लागतो, 'या अब्दल्लाहि'. हे मला त्या दिवशी कळलं, पण उशिरा. नियम असा होता की त्याच विषयात दुसऱ्यांदा नापास झाला की नाव कमी. म्हणजे पुन्हा पाटी.

हजरतांनी दुसऱ्या वर्षी मला पुढच्या रांगेत बसवलं आणि धडा पुन्हा घेतला.

"तू स्टेशनवर हाक कशी मारायचास?"

"गाडी आली की सगळ्या डब्यांसाठी एक आरोळी. मग खिडकीतल्या एखाद्याने पाटीकडे पाहिलं की त्याच्या डोळ्यात बघून, अहो साहेब, अशी."

"झालं तर. तुला अर्धा धडा येतोच. ज्याच्या डोळ्यात बघितलंस, तो मनात धरलेला एक माणूस. त्याला 'या रजुलु', हे माणसा. शेवटी 'उ', आणि त्यापुढे 'न्' येत नाही. एकट्या विशेषनामालाही तसंच. पण आंधळा रस्त्यात उभा आहे. समोर कोण आहे त्याला माहीत नाही, कोणीही आलं तरी चालेल. तो म्हणतो, 'या रजुलन्, खुज़ बियदी', अरे कुणीतरी माणसा, माझा हात धर. इथे 'अ' आणि त्याच्यापुढे 'न्'. त्याने कुणालाच निवडलेलं नाही."

"आणि पुस्तकातला तो डोंगर चढणारा?"

"'या तालिअन् जबलन्'. अरे डोंगर चढणाऱ्या. त्याच्या मागे डोंगर लागलाय, त्याच्याशिवाय तो अपुरा आहे. म्हणून त्यालाही 'अन्', मग तुला तो दिसत असो वा नसो. पण नुसतं 'माणूस' किंवा नुसतं 'मुलगा' आलं की स्वर शोधत बसू नकोस. हाक मारणाऱ्याचे डोळे कुठे आहेत ते आधी बघ."

माझ्या डोक्यात ते तिथेच बसलं. आणि ते बसल्यामुळेच पुढचं सगळं झालं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर हजरतांच्या बोलण्यात एक फरक पडला. पूर्वी त्यांना काही हवं असलं की ते एखाद्या पोराकडे बघून म्हणायचे, 'या वलदु', अरे मुला, पुस्तक दे. आता ते हॉलकडे तोंड करून म्हणू लागले, 'या वलदन्, हातिल किताब.' कुणीतरी मुला. जो जवळ असेल तो उठायचा. पोरांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण हाकेच्या शेवटच्या स्वरावर मी एकदा वर्ष घालवलं होतं. मी आठ दिवस मोजलं. 'वलदु' एकदाही आलं नाही. त्यातच एकदा धडा पुढच्या पानावर गेला तरी पुस्तकाचं पान त्यांनी उलटलं नाही आणि ते न थांबता शिकवत राहिले.

एका दुपारी पोरं जेवायला गेल्यावर मी कोठडीच्या दारात उभा राहिलो.

"हजरत, मी तुमच्या समोर बसतो. तुम्ही मला 'वलदन्' का म्हणता?"

त्यांनी मान दाराकडे वळवली. मग उर्दूत म्हणाले, "दार लाव."

दार लावलं तसं ते भिंत चाचपत खाटेवर बसले. सिव्हिल हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नव्हती आणि राहिलेली जात होती. उजेड-अंधार कळायचा, माणसाची सावली कळायची, चेहरा नाही. मला म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मदरशाच्या कमिटीने कुराण शिकवणाऱ्या हाफिजसाहेबांना काढलं, त्यांना ऐकू येईना म्हणून. एका आठवड्यात कोठडी रिकामी करायला लावली. ते गावी गेले आणि तीन महिन्यांत वारले. माझं गाव नांदगावच्या पलीकडे. तिथे बहिणीचा मुलगा आहे. त्याच्या दारात मी परका आहे. या पोरांशिवाय माझ्याकडे काही नाही रे."

माझ्या जागी दुसरा असता तर रडला असता. मी सौदा केला. आजही लपवत नाही.

"हजरत, मी तुमचे डोळे होतो. कोण आलं, कोण बसलं, कमिटीचे सेक्रेटरी जिन्यात आहेत का, सगळं खोकून सांगीन. तुम्हाला जिन्यातून हात धरून नेईन, कुणाला कळणार नाही अशा बेताने. तुम्ही मला पास करायचं."

"पास करणं माझ्या हातात नाही. परीक्षक मालेगावहून येतात."

"मग पास होईन इतकं शिकवा. पहाटेच्या नमाजानंतर रोज. मला एकट्याला."

"हा सौदा आहे?"

"हो."

"आणि कुणाला बोललास तर?"

"मी ठरलेला सौदा मोडत नाही, हजरत. स्टेशनवर विचारा."

ते हसले. मग मी माझा व्यवहारी शहाणपणा पाजळला. म्हटलं, "एक करा. यापुढे 'वलदु'च म्हणत जा. नुसता 'उ' लावायला काय जातं? ज्याला वाटेल तो उठेल आणि कुणाला शंका येणार नाही."

हजरतांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ज्याला मी पाहिलं नाही त्याला पाहिलं म्हणून हाक मारू? तीस वर्षं पोरांना काय शिकवलं मग?"

"पण एका अक्षराने..."

"अक्षर नाही ते. मी कुणाकडे बघतोय ते आहे."

मी खूप भांडलो. मला राग लवकर येतो, त्या वयात तर येण्यापूर्वीच आलेला असायचा. तुमच्या या हट्टाने आपण दोघंही बुडू, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. ते ऐकून घेत राहिले, ऐकलं मात्र नाही.

पुढचे सहा-सात महिने आम्ही तो खेळ चालवला. मी त्यांच्या डाव्या हाताला बसायचो. एक खोकला म्हणजे सेक्रेटरी, दोन म्हणजे बाहेरचा पाहुणा. पान उलटायची वेळ आली की मी गुडघा हलवायचो आणि ते न वाचताच पान उलटायचे. सकाळी बोळात कोणी नसे तेव्हा त्यांना मशिदीत न्यायचो. ते माझा उजवा हात धरायचे आणि जिन्यात पायरी चुकेल असं वाटलं की अंगठ्याच्या तुटक्या टोकावर आपला अंगठा दाबायचे. तेवढं टोक धरून ते चालायचे म्हणा ना. त्या दिवसांत मला एकही रात्र धड झोप लागली नसेल. कमिटीचे सेक्रेटरी मोठे संशयी. लाकडाची वखार होती त्यांची.

एकदा मला अडवून म्हणाले, "काय केळेवाले, म्हाताऱ्याला चिकटून असतोस? खोलीवर डोळा आहे का?"

"तुमच्या वखारीवर आहे," मी म्हटलं. "लाकूड ओलं विकता असं लोक म्हणतात."

त्यांनी मला पुढच्या परीक्षेची आठवण करून दिली आणि गेले.

परीक्षेचा दिवस शाबान महिन्यातला, उन्हाळ्यातला. परीक्षक हॉलच्या भिंतीला टेकून बसले, बाजूला सेक्रेटरी, त्यांच्यापलीकडे हजरत. परीक्षा चालू असताना मी हजरतांच्या डाव्या हाताला असणं शक्य नव्हतं. मी परीक्षा देणाऱ्यांत होतो. तेवढी दीड-दोन तासांची जागा आमच्या सौद्यात मोकळी राहिली होती. हजरत सकाळीच जागेवर येऊन बसले होते, भिंतीला पाठ लावून. उठायचं नाही, काही मागायचं नाही, असं ठरलं होतं.

माझी पाळी आली. परीक्षक वयाने हजरतांपेक्षा लहान, आवाज बारीक, स्वभाव खवचट पण विद्वान. त्यांनी हाकेचाच धडा उघडला. मागचं वर्ष त्यांना आठवत होतं.

मी वाचत गेलो. बांधलेल्या नामाला 'अ'. डोंगर चढणाऱ्याला 'अन्'. एकट्या नावाला 'उ'. कारणं सांगितली. मग बोट आंधळ्याच्या ओळीवर आलं. मी वाचलं, "या रजुलन्, खुज़ बियदी."

"न् का?"

"तो कुणा एकाला उद्देशून म्हणत नाही. जो असेल तो."

"हे उदाहरण सगळ्यांना पाठ असतं," ते म्हणाले. "आंधळा सोड. डोळस माणूस असं कधी म्हणेल, ते सांग."

मला येईना. आज विचाराल तर सांगतो. मशिदीत मिंबरवर, म्हणजे उंच पायऱ्यांवर, उभा राहून उपदेश करणारा वाइज समोरच्या गर्दीत कुणा एकाला न धरता म्हणतो, अरे बेसावध माणसा, मरण तुझ्या मागावर आहे. तिथेही 'न्' येतो. तेव्हा तोंडात आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फलाट आला, पाटी आली, आणि मी घासाघीस सुरू केली.

"डोळस माणूसही म्हणू शकतो. त्याच्या मनावर आहे."

"उदाहरण दे."

"कोणीही म्हणू शकतो."

"कोणीही म्हणजे? बघ, मुअल्लिम, म्हणजे शिकवणारा, वर्गात बसलाय. समोर तीस पोरं. त्याला पुस्तक हवंय. तो एकाकडे बघेल आणि म्हणेल 'या वलदु'. 'वलदन्' म्हणणार नाही. म्हणजे तुला नियम पाठ आहे, कळलेला नाही." आणि त्यांनी वहीत लिहायला लेखणी उचलली.

ती लेखणी खाली येताना मी बघितली. पाटी, सहा वर्षं, फलाटावरचे पोलिस, सगळं एका क्षणात डोक्यात चढलं.

"म्हणतो!" मी ओरडलो. "मुअल्लिमही म्हणतो! आमचे हजरत रोज म्हणतात. तीस पोरं समोर असताना म्हणतात, या वलदन्, हातिल किताब! विचारा कुणालाही!"

मागची पोरं एका सुरात म्हणाली, "हो, म्हणतात."

परीक्षकांची लेखणी थांबली. ते हळूच हजरतांकडे वळले. त्यांना एका क्षणात कळलं. व्याकरणाचा माणूस होता, त्याला कळणारच. त्यांनी समोरचं पुस्तक उचललं, हजरतांच्या तोंडापुढे हातभर अंतरावर उघडं धरलं. हजरत पुस्तकातून पलीकडे बघत राहिले. सेक्रेटरी दोघांकडे पाळीपाळीने बघत होते. मी खोकलो. एकदा, दोनदा, तीनदा. तीन खोकल्यांचा काही अर्थ ठरलेला नव्हता.

शेवटी हजरतच बोलले. "मुलाचं उत्तर बरोबर नाही," ते म्हणाले. "मी डोळस नाही. पण त्याला नियम कळलाय. तेवढं लिहा."

परीक्षकांनी मला पास केलं.

त्याच संध्याकाळी मी सेक्रेटरींच्या वखारीवर गेलो. आधी भांडलो, मग पाय धरले. त्यांना म्हटलं, पुस्तक त्यांना पाठ आहे, डोळे लागतात कशाला? मी फुकट राहीन, त्यांच्या बाजूला बसेन, सनदही देऊ नका. सगळ्या गोष्टी समोर टाकल्या. माझ्याकडे जे होतं ते सगळं मी त्या दिवशी एका पारड्यात टाकलं आणि समोरच्याने पारड्याकडे बघितलं नाही.

"अरे केळेवाले," ते शांतपणे म्हणाले, "सहा महिने तू आम्हाला फसवलंस, आणि आज मला सौदा शिकवतोस?"

हजरतांना आठ दिवस दिले. त्या आठ दिवसांत त्यांनी मला कोठडीत येऊ दिलं नाही. दाराशी गेलो की आतून कडी लागायची. मी बाहेरून बोलायचो. मी मुद्दाम केलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही, तोंडातून गेलं. तुम्ही 'उ' लावला असता तर काही झालं नसतं, असंही एकदा रागाने बोललो. आतली कडी निघाली नाही.

नवव्या दिवशी सकाळी एका पोराकडून कळलं की हजरतांना टांग्यात घालून सीबीएसला, एस.टी. स्टँडवर, पाठवलं आहे. मी धावत गेलो. नांदगावची गाडी लागलेली होती. हजरत खांबापाशी उभे होते, पायाशी ट्रंक, बगलेत पुस्तकांचं गाठोडं. टांगेवाला सोडून निघून गेला होता. माणसं त्यांना धक्के मारून गाडीकडे पळत होती. ते गर्दीकडे तोंड करून उभे होते आणि तोंडाने काही म्हणत नव्हते.

मी बोललो नाही. आवाज ओळखला तर झिडकारतील असं वाटलं. मी ट्रंक डोक्यावर घेतली, पाटीसारखी, आणि उजव्या हाताने त्यांचा हात धरला.

त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर आला. तुटक्या टोकावर. तिथे थांबला. दोनदा दाबला, जिन्यात दाबायचे तसा. मी श्वास धरून उभा राहिलो. मग ते चालू लागले आणि मी त्यांना गर्दीतून दारापर्यंत नेलं, खिडकीपाशी बसवलं, ट्रंक टपावर चढवून आलो. खाली उतरण्यापूर्वी पुन्हा त्यांच्यासमोर उभा राहिलो. त्यांनी हात पुढे केला, माझा हात पुन्हा हातात घेतला, पुन्हा त्या टोकावरून अंगठा फिरवला, आणि स्पष्ट आवाजात, प्रत्येक स्वर पूर्ण उच्चारत म्हणाले,

"या रजुलन्, जज़ाकल्लाहु."

अरे कुणीतरी माणसा, अल्लाह तुला याचं फळ देवो.

हात हातात होता. हातात धरलेल्या माणसाला कुणी 'कुणीतरी' म्हणत नाही. तो दिसत नसला तरी तो एकच असतो, ठरलेला असतो. तिथे 'रजुलु' हवं, दुसरं चालतच नाही. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि तीस वर्षांत त्यांच्या तोंडून चुकीचा स्वर गेला नव्हता. ज्याला पाहिलं नाही त्याला पाहिलं म्हणायला जो माणूस नोकरी गेली तरी तयार झाला नाही, त्याने मला ओळखून, मी ओळखीचा नाही असं सांगितलं.

मी त्यांना तिथे टोकायला हवं होतं. विद्यार्थ्याने चूक दाखवली तर ते खूश व्हायचे. गाडीच्या दारात उभा राहून मी म्हणू शकलो असतो, हजरत, 'रजुलु'. कंडक्टरने घंटी मारली. मी उतरलो.

सनद मिळाली. शाळेत अरबी शिकवायची जागाही दाखवायला लोक आले, मी गेलो नाही. सिमेंट आणि लोखंडाच्या धंद्यात पडलो, त्यात माझं चांगलं झालं. आज इंदिरानगरात माझं घर आहे. वखारवाले सेक्रेटरी पुढे माझ्याच दुकानातून माल नेत. मी त्यांना कधी एक पैसा सोडला नाही. त्यांच्यावरचा राग मात्र कधीच ओसरला. हजरतांवरचा गेला नाही. ते नांदगावकडे त्या हिवाळ्यातच वारले असं कळलं. मी त्यांना दोन पत्रं पाठवली होती, अरबीत, जमेल तसं शुद्ध. सुरुवातीला 'या'च्या पुढे काय लिहायचं यावर दोन्ही वेळा बसून राहिलो आणि शेवटी नुसतं 'या उस्ताज़ी' लिहिलं, हे माझ्या गुरू. तिथे शेवटी 'ई', म्हणजे 'माझा', असतो म्हणून हाकेचा स्वर त्याखाली दिसतच नाही.

ती पत्रं त्यांना कुणी वाचून दाखवली का, ते मला माहीत नाही. उत्तर आलं नाही.